बारा वेळा ‘सर, काही अपडेट?’

सांगलीत शंभर फुटी रस्त्यावर चहाच्या गाड्यापाशी रात्री साडेनऊला आमची बैठक असते. मंगळवारी अभ्या आला तोच तोंड पाडून. चहा आला तरी मोबाईल उलटाच ठेवलेला.

“पुण्याची पार्टी गायब झाली,” एवढंच बोलला.

अभ्या वेबसाइट करतो. मसाले विकणाऱ्या एका पुण्याच्या कंपनीचं ऑनलाइन दुकान त्याने ८०,००० ला घेतलं होतं. सुरुवातीला २४,०००, डिझाइन मंजूर झाल्यावर ३२,००० आणि साइट चालू झाल्यावर उरलेले २४,००० असं मेलवर ठरलेलं. ॲडव्हान्स वेळेत आला. सहा तारखेला त्याने सहा पानांची डिझाइन पाठवली, तिथून समोर सगळं शांत. आज चोवीस तारीख.

“अठरा दिवसांत किती मेसेज केलेस?” मी विचारलं.

त्याने मोबाईल माझ्या हातात दिला. बारा मेसेज, बाराही एकाच चालीचे: सर, काही अपडेट? सर, फीडबॅक मिळाला तर बरं होईल. सर, गुड मॉर्निंग. (गुड मॉर्निंगच्या खाली गुलाबाचं चित्र होतं, ते मी सोडून दिलं.)

दिलीप खवळला. त्याचं कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड आहे, उधारी वसूल करण्यात मुरलेला माणूस. “मर्दा, डोमेनचा पासवर्ड तुझ्याकडंच हाय न्हवं? दाबून ठेव. आपोआप फोन येतोय बघ.”

“डोमेन त्यांचं, त्यांच्या पैशानं घेतलेलं,” मी म्हणालो. “ते दाबलंस तर भांडण पैशाचं राहत नाही, तूच चोर ठरतोस. तुझं काय आहे ते बघ. डिझाइनची मूळ फाइल तुझी, कच्ची साइट तुझ्या सर्व्हरवर. तिला पासवर्ड लाव, मूळ फाइल देऊ नकोस. बास झालं.”

दिलीपला हे काही पटलं नाही. “तुम्ही प्रेसवाले लई मऊ,” म्हणाला.

मऊ नाही. माझा छापखाना आहे आणि आमच्याकडे हा आजार जुना आहे. पत्रिकेचं प्रूफ नेतात आणि पंधरा दिवस फिरकत नाहीत. एवढ्या वर्षांत एक गोष्ट कळली, की माणूस दर वेळी पैसे बुडवायला गप्प बसत नाही. बऱ्याचदा घरात मुलीच्या मामाचं नाव कुठल्या ओळीत घालायचं यावरून वाद चालू असतो, आणि ते आपल्याला सांगायची लाज वाटते. कंपनीतही तसंच असणार. ज्याच्याशी अभ्याचं बोलणं होतं तो मालक नव्हता, मार्केटिंग बघणारा पोरगा होता. त्याच्या साहेबाने डिझाइन उघडूनच बघितलं नसेल, तर त्याने उत्तर द्यायचं काय?

“मेसेज पोचतोय का बघ आधी,” सुन्या म्हणाला. हा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर असतो. “एकच टिक असली तर फोन बंद, नंबर बदललाय, न्हाईतर ब्लॉक केलंय. दोन असल्या तर पोचतंय.”

दोन टिका होत्या, करड्या. म्हणजे फोन चालू. वाचतो की नाही ते मात्र सांगता येत नाही, कारण निळी टिक बंद करून ठेवता येते.

“मग कंपनीच्या ऑफिसला फोन लाव की. त्यो पोरगा हाय का गेला, एवढंच इचार.”

अठरा दिवसांत हे अभ्याने केलं नव्हतं. कारण काय, तर बरं दिसत नाही म्हणून.

आता महेश बोलला. हा टॅक्सचं काम करतो आणि चहा संपेपर्यंत तोंड उघडत नाही. “खरी चूक तुझ्या मेलमध्ये आहे. ३२,००० कधी? ‘डिझाइन मंजूर झाल्यावर.’ मंजुरी त्याच्या हातात. तो गप्प बसला की तुझं मीटर बंद, त्याचं काहीच जात नाही. त्यापेक्षा लिहायचं, डिझाइन पाठवल्यापासून सात दिवसांत हरकत आली नाही तर मंजूर समजून बिल निघेल.”

“ते पुढच्या कामाला. आता काय करू?”

“तुझी उद्यम नोंदणी आहे?”

होती. गेल्या वर्षी कर्जासाठी काढलेली.

“मग ऐक. सूक्ष्म-लघु उद्योगांचा २००६ चा कायदा आहे. काम पोचवल्यावर पंधरा दिवसांत समोरच्याने लेखी हरकत घेतली नाही, तर ते पोचवलेल्या दिवशीच स्वीकारलं असं धरतात. तुझे पंधरा दिवस एकवीस तारखेलाच भरले. पैसे द्यायला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस. पुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ.”

दिलीपचे डोळे चमकले. “टाक केस!”

“३२,००० साठी? फाइल महिनोन् महिने फिरते. आणि त्यांचा वकील म्हणेल की करारात मंजुरी लिहिली होती. हे खिशात असू दे, पहिल्या मेसेजात काढू नकोस.”

यावर बराच दंगा झाला. दिलीपचं म्हणणं, खिशातलं हत्यार दाखवायचं नाही तर उपयोग काय. माझं म्हणणं, पोरगा नुसता लाजून गप्प असेल तर कायद्याचं कलम वाचून कायमचा गप्प होईल. शेवटी ठरलं, की मेल असा लिहायचा ज्याला एका आकड्यात उत्तर देता येईल, आणि उत्तर आलं नाही तरी आपलं काम अडणार नाही. कट्ट्यावरच लिहिला. सुन्याने ‘कृपया’ दोनदा घातलं, महेशने दोन्ही वेळा काढलं.

“नमस्कार. सहा तारखेला पाठवलेली सहा पानांची डिझाइन तुमच्या उत्तरासाठी थांबली आहेत. खालीलपैकी एक आकडा कळवावा. १: मंजूर, पुढे चला. २: बदल हवेत, फोन करा. ३: काम सध्या थांबवू. शुक्रवार, २७ तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर ३ धरून झालेल्या टप्प्याचं ३२,००० रुपयांचं बिल पाठवेन. काम पुन्हा सुरू करायचं झाल्यास तेव्हा माझ्या हातात काय आहे ते बघून तारीख देईन.”

मेल त्या पोराला, प्रत मालकाला. व्हॉट्सॲपवरही तोच मजकूर.

पाठवताना अभ्या अडखळला. “चार दिवसांचं कोडिंग पण केलंय की मी. ते लावू का बिलात?”

“मंजुरी नसताना कुणी सांगितलेलं?” महेश म्हणाला.

“रिकामा बसलो होतो.”

“मग ते तुझ्या खात्यावर. आणि आजपासून हात लावायचा नाही त्याला, दुसरं काम घे.”

अभ्याला ते लागलं, पण बरोबर होतं. प्रूफ पास व्हायच्या आत मीही एकदा पाचशे पत्रिका छापल्या होत्या. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझी पोरं दोन वर्षं गणितं करत होती.

बुधवारी त्याने ऑफिसला फोन लावला. पोरगा नोकरीवर होता, मीटिंगमध्ये होता. गुरुवारी रात्री अभ्या गाड्यावर धावतच आला.

“आलं, आलं उत्तर!”

मोबाईल मधे ठेवला. तीन पर्यायांच्या त्या मेसेजखाली पोराने अंगठा दाखवला होता. नुसता अंगठा.

“एक म्हणजे मंजूर!” सुन्या म्हणाला.

“कशावरनं? तीनला पण असंल की,” दिलीप म्हणाला.

महेशने चहाचा ग्लास खाली ठेवला. “अंगठ्यावर बिल काढू नकोस. विचार त्याला, आणि या वेळेला मालकाला फोन कर.”

अभ्या टाइप करायला लागला: सर, अंगठा म्हणजे १ ना?