सातवीच्या विज्ञान प्रकल्पाचं रुब्रिक: सरांना पत्र

«निकष सगळ्या मुलांना सारखे, म्हणून ते न्याय्यच. ही कोरकू मुलं मराठी फाडफाड बोलतात, मग लिहायला काय होतं? भाषेत सूट दिली की शुद्ध लिहायला कोणी शिकतच नाही.»

सर, सप्रेम नमस्कार.

हा मजकूर तुम्ही पाठवलात तेव्हा मी गप्प बसलो. पण काल पालघरकडे शिकवणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीनेही तोच पाठवला आणि त्याच्या आधारावर वारली मुलांचे विज्ञानाचे गुण कापल्याचं सांगितलं. आता लिहिणं भाग आहे.

आपलं रुब्रिक वीस गुणांचं: विषयज्ञान, मांडणी, शुद्ध भाषा आणि सादरीकरण, प्रत्येकी पाच. बाष्पीभवनाच्या प्रकल्पातली एक वही समोर ठेवतो. त्या मुलीने ताटलीत आणि पेल्यात सारखंच पाणी घेऊन दोन्ही उन्हात ठेवलं आणि लिहिलं, «ताटलीतला पाणी लवकर गेली. पेल्यातला पाणी राहिली. ताटलीत पाणी पसरली म्हणून ऊन जास्त लागली.» तिला मिळाले नऊ. शेजारच्या मुलाने पुस्तकातली व्याख्या बिनचूक उतरवली, ताटली आधी का सुकली यावर मात्र एक ओळही लिहिली नाही. त्याला पंधरा.

तिच्या वहीवर तुमचे सहा लाल गोल आहेत. नीट पाहा, चूक एकच आहे. पाणी आणि ऊन नपुंसकलिंगी आहेत हे तिला पक्कं नाही, आणि मराठीत लिंग एकदा चुकलं की विशेषण आणि क्रियापद दोन्ही चुकतात. कोरकूत नामांचा भेद सजीव-निर्जीव असा आहे, आपल्यासारखी तीन लिंगं नाहीत. म्हणजे घरून जे मिळूच शकत नाही, त्याची एक उणीव आपण सहा वेळा मोजली. तीच उणीव पुन्हा ‘मांडणी’त मोजली, कारण त्या रकान्यात आपण «सुसंगत, शुद्ध वाक्ये» असं लिहून ठेवलंय. सादरीकरणात ‘ओघ’ बघतो, तिथे तिसऱ्यांदा. पाणी पसरलं म्हणून लवकर उडालं, हे कारण तिने स्वतः शोधलंय. हवेला उघडी पडलेली जागा जास्त, हा दुवा तेवढा सुटला, त्याचा एक गुण तुम्ही विषयज्ञानात कापलात आणि तो बरोबरच आहे. बाकीचे दहा गुण विज्ञानाचे नाहीतच.

फाडफाड बोलण्याबद्दल. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९८१ साली टोरांटोतल्या स्थलांतरित मुलांच्या माहितीवरून दाखवलं, की गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत वर्गातल्या इतरांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. त्या मुलांच्या अवतीभवती दिवसभर इंग्रजी होती. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवर शाळा सुटली की मराठीही सुटते. मधल्या सुट्टीतली बडबड ऐकून आपण लेखनाचा अंदाज बांधतो आणि फसतो.

शुद्ध लिहायला शिकवलंच पाहिजे, हे मला मान्य आहे. ‘पाणी तापलं’ आणि ‘पाणी तापवलं’ यांत विज्ञानाचा प्रयोगच बदलतो. अशी चूक झाली तर विषयज्ञानातच गुण कापा, मी तक्रार करणार नाही. पण गुण कापून व्याकरण शिकवता येत असतं तर सातवीपर्यंत एव्हाना ते आलं असतं.

म्हणून मी सुचवतो ते असं. विज्ञानाच्या तालिकेतून ‘शुद्ध भाषा’ काढून मराठीच्या तासाकडे द्यावी. तिथे तिचे गुण आहेतच. ते पाच विषयज्ञानाला जोडून दहाचे तीन भाग करावेत: आधी बांधलेल्या अंदाजाला दोन, निरीक्षणाला चार, कारणाला चार. मांडणीत पायऱ्यांचा क्रम पाहावा आणि नावं दिलेली आकृती वाक्यांइतकीच धरावी. तोंडी सादरीकरणात ओघ सोडून प्रश्नाचं उत्तर पाहावं. मूल अडलं तर कोरकूत बोलू द्यावं, आपल्या अंगणवाडीताई अर्थ सांगतील. वहीत भाषेच्या दोनच चुका निवडून शेजारी बरोबर रूप लिहावं, गुण न कापता.

हे आंधळेपणाने स्वीकारा असं म्हणत नाही. मागच्या वर्षीच्या दहा वह्या नावं झाकून घेऊ, दोघं वेगवेगळे बसून नव्या तालिकेने तपासू. जिथे आपल्या गुणांत तीनपेक्षा जास्त फरक पडेल, तिथे निकषाचे शब्द ढिले आहेत असं समजून ते दुरुस्त करू. शनिवारी शाळा सुटल्यावर बसू या का? वह्या मी काढून ठेवतो.