मुंजीच्या थेट प्रक्षेपणाबद्दलच्या तक्रारीला आमचे उत्तर

“मुलाच्या मुंजीचं लाइव्ह फोनवरून व्यवस्थित दाखवू म्हणून पैसे घेतले. चित्र सारखं हलत होतं. ऐन मंगलाष्टकांत 11 मिनिटं बंद पडलं, न्यू जर्सीत रात्री एक वाजता जागून बसलेल्या आजीला अक्षता दिसल्याच नाहीत. आणि ‘खासगी’ म्हणून दिलेली लिंक दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होती!”

सप्रेम नमस्कार.

आपण लिहिलेल्या तिन्ही गोष्टी घडल्या आहेत. त्यांतली सर्वांत गंभीर म्हणजे लिंकची, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

आम्ही यूट्यूबवर आपले प्रक्षेपण ‘Unlisted’ ठेवले होते. त्याचा अर्थ इतकाच की, ते शोधल्यावर सापडत नाही. पण ज्याच्या हातात लिंक पडेल त्याला ते दिसते आणि तो ती पुढेही पाठवू शकतो. ‘खासगी’ हा शब्द आमच्या माणसाने वापरला, तो चुकीचा होता. लिंक आमच्याकडून बाहेर गेलेली नाही, ती कुणा नातेवाइकाने आनंदाने पुढे पाठवली असावी. परंतु असे होऊ शकते हे आपल्याला आधी सांगणे आमचे काम होते. ‘Private’ ठेवले असते, तर प्रत्येकाचा ईमेल पत्ता घेऊन आमंत्रण द्यावे लागले असते आणि प्रत्येकाला त्याच गूगल खात्यातून आत यावे लागले असते. वयस्कर मंडळींना हे जड जाते, म्हणून आम्ही सोपा मार्ग धरला, तोही आपल्याला न विचारता. शिवाय चौल आणि त्यानंतरचे स्नान चालू असताना कॅमेरा चालूच राहिला. आठ वर्षांचा मुलगा लंगोटीवर पाटावर बसलेला साऱ्या सोसायटीने पाहावा, हे कोणत्याही आईला आवडणार नाही. आपला फोन आला त्याच संध्याकाळी आम्ही चित्रफीत ‘Private’ केली, त्यामुळे जुनी लिंक आता उघडत नाही. मात्र कुणी ती आधीच उतरवून घेतली असेल, तर ती परत घेणे आमच्या हातात नाही.

प्रक्षेपण बंद पडण्याचे कारण शोधताना आमचीच चाचणी आम्हाला हास्यास्पद वाटली. आम्ही सकाळी आठ वाजता, कार्यालय रिकामे असताना, मोबाइल इंटरनेटचा अपलोड वेग मोजला. तो 9 एमबीपीएस भरला आणि आम्ही निश्चिंत झालो. 720पी चित्रासाठी साधारण 4 पुरतात. पण मुहूर्त 10 वाजून 43 मिनिटांचा होता आणि तोवर तीनशे पाहुणे येऊन त्याच टॉवरवर फोटो पाठवू लागले होते, त्यामुळे वेग एकच्याही खाली गेला. चित्र आधी धूसर झाले, मग थबकले आणि शेवटी प्रक्षेपणच संपले. पुन्हा सुरू केले तेव्हा नवी लिंक तयार झाली. ती आपल्यापर्यंत पोहोचून पुढे जाईपर्यंत आजी जुन्याच लिंकवर, संपलेल्या प्रक्षेपणासमोर बसून होत्या. त्या 11 मिनिटांतला बराच वेळ नेटवर्कने नव्हे, तर या निरोपानिरोपीने खाल्ला. आता आम्ही मुख्य लिंकसोबत एक राखीव लिंकही आदल्या दिवशीच तयार करून पाठवतो, कार्यालयाचे वायफाय मिळत असेल तर तेच वापरतो आणि वेग पंगतीएवढी गर्दी जमल्यावर पुन्हा मोजतो. फोन विमान मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवला आणि वायफाय कॉलिंग व व्हॉट्सअ‍ॅपसारखे इंटरनेटवरचे कॉलही बंद केले, म्हणजे मध्येच कुणाचा कॉल येऊन प्रक्षेपण तोडत नाही.

चित्र हलण्याचे कारण साधे आहे. तिपाई लाकडी व्यासपीठावर होती, त्यामुळे कुणी अक्षता टाकायला वर आले की फळ्या लवत आणि फोन डोलत असे. ती व्यासपीठाच्या बाजूला, खालच्या फरशीवर हवी होती: पाय पूर्ण पसरलेले, मधला दांडा खाली बसवलेला आणि दांड्याच्या आकड्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी टांगलेली. समोरासमोर उभी केली की अंतरपाट दूर होताच छायाचित्रकार आणि मामा-मावश्या मध्ये येतात. म्हणून आम्ही आता भटजींच्या मागून थोडी तिरकी, सुमारे साडेचार फूट उंचीवर जागा धरतो आणि छायाचित्रकाराला ती आधी दाखवतो. फोन आडवा करूनच प्रक्षेपण सुरू करतो. होमाच्या धुराच्या झोतात मात्र तो ठेवत नाही.

घेतलेली रक्कम आम्ही पूर्ण परत करत आहोत. छायाचित्रकाराकडून मंगलाष्टकांचा आणि अक्षतांचा भाग मिळाला आहे. तो आम्ही मूळ चित्रीकरणात योग्य ठिकाणी जोडून, चौल व स्नानाचा भाग काढून, पेन ड्राइव्हवर देऊ. आजींना तो पाठवायचा असल्यास त्यांचा ईमेल पत्ता आम्हाला फोनवर सांगावा, कृपया इथे लिहू नये.