अंगाचा तीळपापड

शनिवारी दुपारी, ब्रिटनमधल्या एम-फोर मोटरवेवरच्या एका थांब्यावर, बर्गरच्या दुकानात, मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "मला तिळाची अ‍ॅलर्जी आहे. तुमच्याकडचं काय चालेल?" तिने मान वर न करता स्क्रीनकडे बोट केलं. "ऑर्डर तिकडे." आज मंगळवार आहे आणि ते बोट अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तर स्क्रीन. माझ्याहून हातभर उंच आणि आधीच्या गिऱ्हाइकांच्या बोटांनी चिकट झालेली. इथे खाणार की घेऊन जाणार हे ती आधी विचारते आणि मग बर्गरांची मिरवणूक काढते. अ‍ॅलर्जीचं बटण तळाशी, राखाडी अक्षरांत. ते दाबलं की चौदा चौकोन उघडतात, कारण इथल्या कायद्यात चौदाच पदार्थ आहेत. ही यादी युरोपातून आली, १३ डिसेंबर २०१४ पासून अशा दुकानांतल्या सुट्या खाण्यालाही लागू झाली, आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं तरी ती इथेच राहिली.

मी तिळाचा चौकोन दाबला, 'लागू करा' म्हटलं, आणि झाडून सगळे बर्गर नाहीसे झाले. पावावर तीळ असतात, त्यामुळे एवढं बरोबरच. पण याच दुकानात पावाऐवजी लेट्यूसच्या पानात गुंडाळलेला बर्गर मिळतो. ती अदलाबदल बर्गरच्या पानावर जाऊन करायची असते आणि फिल्टरने ते पानच लपवलेलं. घरात चावी आहे, पण चावी घ्यायला दार उघडावं लागतं. मी काहीतरी पुटपुटले. बहुधा "अगं बाई, आता काय करू" असं असावं.

"मराठी?" मागून आवाज आला.

डोक्यावर टूर कंपनीची लाल टोपी, गळ्यात ओळखपत्र, स्वेटरवर जाकीट आणि जाकिटावर मफलर. जून महिना होता. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले आणि मुक्काम डोंबिवली, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. बस वीस मिनिटं थांबणार होती आणि त्यातली बारा माझ्या पाठीकडे बघण्यात गेली होती, हेही सांगितलं.

"सरक जरा. यंत्र म्हटलं की आपल्याला कळतं."

काका स्क्रीनवर बोट टेकवत नव्हते, ठोकत होते. जुना खटका अडकला की ठोकतात तसे. मी म्हटलं, काका, नुसतं टेकवलं तरी चालतं. म्हणाले, सवय आहे. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि चौदाच्या चौदा चौकोन मोठ्याने वाचायला घेतले. मागची रांग इंग्रज असल्यामुळे गप्प होती.

"सेलरी. ही कोण खातं? मोहरी. मोहरी! अगं, मोहरी चालत नाही तर ही माणसं फोडणी कशाची देतात? शेंगदाणे. बरं. तीळ. म्हणजे तू ती. संक्रांतीला काय करतेस?"

"लांब बसते."

"आणि हे ल्युपिन काय असतं?"

सांगितलं, की घेवड्या-वाटाण्याच्या कुळातलं एक बी आहे, युरोपात त्याचं पीठ पाव-बिस्किटांत घालतात आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काही लोकांना तेही बाधतं. काकांनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग मान हलवून म्हणाले, "आमच्या वेळी हे काही नव्हतं."

हे वाक्य मी तिसरीत असल्यापासून ऐकतेय. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या घरात कुणीतरी काकू "एका दाण्याने काय होतंय" म्हणून हातावर वडी ठेवायच्याच. एका दाण्याने ओठ सुजतात, घसा आवळतो आणि हॉस्पिटल गाठावं लागतं. त्यांच्या वेळीही अशी मुलं असणार. ती कशाने गेली ते कुणी लिहून ठेवलं नाही, एवढंच. मी पर्समध्ये अ‍ॅड्रेनलिनची दोन इंजेक्शनं घेऊन फिरते. दोन, कारण एक पुरत नाही असंही होतं. आणि आपल्याकडे पाकिटावर अ‍ॅलर्जीची जी माहिती छापतात तिच्या सक्तीच्या यादीत शेंगदाणे आहेत, दूध आहे, सोयाबीन आहे. तीळ आणि मोहरी नाहीत. इथे निदान चौकोन तरी आहे म्हणून मी या देशाचे आभार मानत होते. शनिवारपर्यंत.

काकांची युक्ती तयार होती. "एकेक कशाला? चौदाच्या चौदा टिक कर. सगळं धोक्याचं गेलं की उरेल ते सात्त्विक. मीही तेच घेतो. आम्ही शुद्ध शाकाहारी."

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी चौदा ठोके मारलेसुद्धा. स्क्रीन विचारात पडली आणि मग जे उरलं ते मांडलं: पाणी, कोला, काळी कॉफी, सफरचंदाच्या फोडींची पिशवी, चिप्स आणि पावाशिवाय बीफ पॅटी.

काका बराच वेळ त्या पॅटीच्या फोटोकडे बघत राहिले.

"हे गाईचं?"

"हो."

"मी दूध नको म्हणून दाबलं ना?"

"दाबलंत."

"म्हणजे गाईचं दूध चालत नाही, पण गाय चालते?"

मी समजावलं. अ‍ॅलर्जीच्या यादीत अंडं आहे, मासे आहेत, कोळंबी आणि कालवंसुद्धा आहेत. मांस नाही. मांस त्या चौदांत बसत नाही, त्यामुळे त्याला चौकोनच नाही. शाकाहारी हा प्रकार यंत्राच्या लेखी निराळा. त्याचं हिरवं पान वरच्या पट्टीत आहे.

"मग ते दाब."

दाबलं. शाकाहारी पदार्थांची रांग आली आणि त्यात तीळ लावलेला व्हेज बर्गर पहिल्या नंबरावर. हिरवं पान दाबलं की आधीचा फिल्टर गुपचूप उतरतो. कळायची खूण एकच: वरच्या कोपऱ्यात 'फिल्टर लागू' अशी बारीक गोळी असते, ती नाहीशी होते. मला ते ठाऊक आहे म्हणून मी त्या कोपऱ्याकडे बघत असते. पहिल्यांदा आलेला माणूस बर्गरकडे बघणार.

"म्हणजे शाकाहारी व्हायचं किंवा आजारी व्हायचं," काका म्हणाले. "दोन्ही एकदम नाही. आणि आमच्या हिचा चातुर्मास असतो, तेव्हा कांदा-लसणाचा चौकोन कुठला?"

एवढ्यात स्क्रीनने विचारलं, तुम्ही अजून आहात का? काकांनी तिला "आहोत ना!" असं तोंडी उत्तर दिलं, ते तिला ऐकू आलं नाही, आणि सगळं पुसून ती पुन्हा मिरवणूक दाखवू लागली. बाहेर टूर मॅनेजरने शिट्टी मारली. काका केळं घ्यायला शेजारच्या दुकानात धावले. जाता जाता मागच्या गृहस्थांना इंग्रजीत म्हणाले, "मशीन नॉट गुड. लेडी गुड." त्या दिवसातलं माझ्या बाजूचं हे एकमेव वाक्य.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीळ, लागू करा, कोपऱ्यातली गोळी आहे ना, आहे. भाज्यांचा रॅप फिल्टरमधून सुखरूप पार पडला. तो घेतला. पैसे भरायच्या आधी स्क्रीन म्हणाली, यासोबत हमस घेणार का? हमसमध्ये ताहिनी असते आणि ताहिनी म्हणजे वाटलेले तीळ. फिल्टर मेन्यूला लावलेला, 'आणखी काही' विचारणाऱ्या पानाला नाही. हा प्रश्न विचारणारं माणूस असतं तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. काचेला काय सुनावणार?

खरं नाटक पुढे आहे. रॅप घ्यायला गेले तेव्हा काउंटरवरच्या पडद्यावर माझी ऑर्डर दिसत होती: व्हेज रॅप, एक. बस्स. अ‍ॅलर्जीचं नावही नाही.

"पण मी फिल्टर लावला होता," मी म्हटलं.

"तो तुम्हाला दिसायला असतो. आमच्याकडे येत नाही," मुलगी म्हणाली. "अ‍ॅलर्जी असेल तर आम्हाला सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं. तुम्ही स्क्रीन दाखवलीत."

"ऑर्डर स्क्रीनवरच द्यायची असते."

तिच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता, तरी चिडले. मग मॅनेजर आला, प्लास्टिकच्या कव्हरांची जाड फाइल घेऊन आला, आणि तिच्यातल्या चौकटींवरून बोट फिरवत त्याने मला जे सांगितलं ते स्क्रीन कधीच सांगत नाही. रॅपमध्ये तीळ नाहीत. पण आतलं फलाफल ज्या तेलात तळतात त्याच तेलात तीळ लावलेलं चिकन तळतात. चिप्सही त्यातच. फिल्टर फक्त कृतीतले जिन्नस बघतो. कढई कुणाकुणाची, हे त्याला माहीत नसतं. "आम्ही हमी देऊ शकत नाही," मॅनेजर म्हणाला. 'मला समजले' हा चौकोन आपण पहिल्याच पानावर न वाचता दाबलेला असतो, त्यात हेच लिहिलेलं असतं.

२०१६ साली हीथ्रो विमानतळावर घेतलेल्या सँडविचच्या पावात, पिठातच मिसळलेले तीळ होते. पाकिटावर तसं लिहिलेलं नव्हतं. नताशा एडनन-लापेरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी त्याने गेली. तिच्या आईवडिलांच्या लढ्यातून पाकिटावर सगळे जिन्नस छापायचा कायदा झाला, ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे, पण तो दुकानात आधीच बांधून ठेवलेल्या खाण्यापुरता. माझ्यासमोर गुंडाळलेला रॅप त्यात येत नाही. अमेरिकेत तर २०२३ पासून पाकिटावर तीळ लिहिणं सक्तीचं झालं, तेव्हा काही बेकऱ्यांनी यंत्रं धुवत बसण्यापेक्षा पावात मुद्दाम थोडं तिळाचं पीठ घातलं आणि 'तीळ आहेत' असं प्रामाणिकपणे छापून टाकलं. न्यू जर्सीतल्या भावाने हे सांगितलं तेव्हा मला तो चेष्टा करतोय असं वाटलं होतं.

'जास्त चीज' हे दोन शब्द त्या स्क्रीनवरून स्वयंपाकघरापर्यंत न चुकता पोचतात. त्याचे पैसे लागतात ना. 'तीळ नकोत' फुकट आहे, म्हणून वाटेत हरवतं.

परतावा स्क्रीनवरून मिळत नाही, फॉर्म भरावा लागेल, असं ऐकून मी बाहेर आले. बस अजून उभी होती, कुणीतरी स्वच्छतागृहातून यायचं राहिलं होतं. काकांनी बहुधा सगळी कथा आत सांगितली असावी, कारण काकू पायरीवरून खाली उतरल्या आणि त्यांनी माझ्या हातात एक स्टीलचा डबा दिला. थालीपीठ होतं, दोन दिवसांचं पण खमंग. मला खरंच रडू येईल असं वाटलं.

"काकू, यात तीळ नाहीत ना?"

"छे गं! आत कुठले तीळ? वरून लावलेत नुसते, दिसायला."