ईएन-८ चा शाफ्ट तेलात बुडवूनही कडक का झाला नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

"लेखात चार प्रक्रियांच्या चार व्याख्या दिल्यात, पण कारखान्यात त्यांचा उपयोग काय? ॲनीलिंग काय, नॉर्मलायझिंग काय, दोन्हीत तापवायचं आणि थंड करायचं. आणि क्वेंचिंगने कडक करून टेम्परिंगने परत मऊच करायचं असेल तर सरळ नॉर्मलायझिंग का करू नये? आम्ही ५० मिमी व्यासाचा ईएन-८ चा शाफ्ट ८४० अंशांवरून तेलात बुडवला. हार्डनेस आला २२ एचआरसी. ५५० अंशांना टेम्परिंग केल्यावर २१. आता बारवाल्याने खराब माल दिला म्हणायचं की तुमचा लेख चुकला?"

नमस्कार. दोष माझ्या उष्णता-प्रक्रियांवरच्या लेखाचा आहे. ईएन-८, म्हणजे साधारण ०.४ टक्के कार्बनचं साधं पोलाद, तेलात बुडवता येतं असं लिहिलं, पण किती जाडीपर्यंत ते लिहायचं राहिलं. बारवाल्यावर आरोप करण्याआधी तुमच्याच दोन आकड्यांकडे बघा. रॉकवेल सी या कडकपणाच्या पट्टीवर, म्हणजे एचआरसीमध्ये, २२ वरून २१. तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्या एकाच्या फरकात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पोलाद ८४० अंशांना पुरेसा वेळ राहिलं की त्यातला सगळा कार्बन लोखंडात साखरेसारखा विरघळतो. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. ॲनीलिंग, नॉर्मलायझिंग आणि क्वेंचिंग या तिन्हींची सुरुवात इथेच होते, म्हणून "दोन्हीत तापवायचंच" हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. फरक पडतो तो उतरताना. थंड होत असताना लोखंडाला हा कार्बन आत ठेवता येत नाही. तो बाहेर पडून कार्बाइड बनू पाहतो, आणि त्यासाठी त्याला वेळ लागतो. तो वेळ किती दिला, यावर पुढचं सगळं ठरतं.

ॲनीलिंगमध्ये भरपूर वेळ मिळतो. जॉब भट्टीतच ठेवून तासाला २०–३० अंश या बेताने उतरवतात. कार्बाइडच्या जाड पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये मऊ लोखंड, अशी भरड पर्लाइटची रचना तयार होते. तिच्या सोबतीला निव्वळ मऊ लोखंडाचे, म्हणजे फेराइटचे, मोठे कण असतात. भट्टी रात्रभर अडवायची मात्र गरज नसते. ईएन-८ मधला बदल साडेसहाशेच्या आसपास संपलेला असतो, त्यामुळे ५५० च्या खाली आल्यावर जॉब बाहेर काढला तरी हार्डनेस बदलत नाही. गॅस-कटिंगने कडक झालेली कड मऊ करायला किंवा थंड अवस्थेत वाकवायच्या मालाला हे उपयोगी पडतं. तुमच्या शाफ्टला त्याची गरज नाही.

नॉर्मलायझिंगमध्ये तोच माल भट्टीबाहेर काढून शांत हवेत उतरवतात. वेळ कमी मिळाल्याने पट्ट्या बारीक होतात, पर्लाइट वाढतं, फेराइट घटतं आणि कणही लहान राहतात. फोर्जिंगनंतर कुठे भरड तर कुठे बारीक झालेली रचना एकसारखी करणं हे याचं मुख्य काम. इथे एक चूक वारंवार होते. तापलेले जॉब भट्टीतून काढून एकाच पेटीत ढिगाने टाकले जातात. कडेचे जॉब हवेत उतरतात, मधले एकमेकांच्या उष्णतेत शिजत राहून जवळजवळ ॲनील होतात, आणि मग एकाच लॉटमध्ये हार्डनेस वरखाली येतो. जॉब मोकळे मांडायला हवेत, आणि एकाच बाजूने पंखाही नको.

क्वेंचिंगमध्ये कार्बनला वेळच द्यायचा नसतो. पुरेशा वेगाने उतरवलं तर तो बाहेर पडण्याआधीच लोखंडाची जाळी बदलते आणि कार्बन तिच्यात अडकून पडतो. ही रचना म्हणजे मार्टेन्साइट. ०.४ टक्के कार्बनचं मार्टेन्साइट साधारण ५५ एचआरसीच्या घरात जातं. ते काचेसारखं ठिसूळही असतं. गावच्या लोहाराचं विळ्याला पाणी पाजणं म्हणजे हेच.

आता तुमचा शाफ्ट. साध्या कार्बन पोलादात कार्बनला बाहेर पडायला फार थोडा अवधी लागतो. पृष्ठभाग पहिल्या काही सेकंदांत पाचशेच्या खाली गेला नाही, तर मार्टेन्साइटची संधी गेली. तेल पाण्यापेक्षा बरंच सावकाश उष्णता ओढतं, आणि ५० मिमीच्या बारमध्ये आतून उष्णता येतच राहते. ईएन-८ तेलात आरपार कडक होतं ते फार तर १०–१२ मिमीपर्यंत, आणि पाण्यातही २० मिमीच्या आसपास. तुमच्याकडे बनलं ते बहुतांशी खूप बारीक पर्लाइट. तेलाने तुम्हाला एक जोरकस नॉर्मलायझिंग करून दिलं, एवढंच.

हे कळतं तुमच्या २१ वरून. टेम्परिंग म्हणजे अडकलेल्या कार्बनला थोडी उष्णता देऊन बारीक कार्बाइडच्या रूपात हळूहळू बाहेर येऊ देणं. कार्बन अडकलेलाच नसेल तर बाहेर यायला काही नसतं. खरं मार्टेन्साइट असतं तर ५५ च्या आसपासचा आकडा ५५०–६०० अंशांच्या टेम्परिंगनंतर पंचविशीजवळ उतरला असता. पर्लाइट त्या तापमानाला जवळजवळ जागचं हलत नाही. म्हणून टेम्परिंगने हार्डनेस उतरलाच नाही, तर क्वेंचिंग फसलं होतं असं समजायला हरकत नाही.

तरीही माल तपासायचा असेल तर घासाघीस नको, एक छोटी चाचणी करा. त्याच बारच्या आतल्या भागातून १० मिमी व्यासाचा, ३० मिमी लांबीचा तुकडा टर्न करून घ्या. ८४० ला वीस मिनिटं ठेवा, झटकन पाण्यात टाका आणि हलवत राहा. मग एका बाजूला अर्धा मिमी घासून सपाट जागा करा आणि तिथे हार्डनेस घ्या. ५० च्या वर आला तर पोलादही ठीक आणि भट्टीही ठीक, अडचण फक्त जाडीची. ४५ च्या खाली राहिला तर आधी भट्टीचं तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलवर संशय घ्या, मग पोलादातले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोवर कार्बन बघा. ईएन-८ मध्ये तो ०.३६ ते ०.४४ टक्के हवा. बारवाल्याशी भांडण करायचं ते यानंतर. आणि कुणी चुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे तापलं" म्हणत असेल तर ऐकू नका. चुंबकत्व ७७० अंशांना जातं, पण ईएन-८ मधलं सगळं फेराइट विरघळायला ८०० च्या वर जावं लागतं.

अर्धा मिमी घासायला सांगितलं त्यालाही कारण आहे. उघड्या भट्टीत पृष्ठभागाचा कार्बन हवेत जळून जातो. त्या मऊ सालीवर हार्डनेस घेतला तर चांगला जॉबही नापास होतो. शिवाय रॉकवेल सी पट्टी २० च्या खाली भरवशाची नसते, तुमचा आकडा अगदी तिच्या काठावर आहे. अशा मालाला ब्रिनेल पट्टीवर हार्डनेस घ्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कडक करून मऊ करायचं तर सरळ नॉर्मलायझिंग का नाही? "टेम्परिंग म्हणजे हार्डनेस कमी करणे" असं मीच लिहिलं होतं, त्यामुळे हा प्रश्न पडणं साहजिक आहे. समजा दोन शाफ्ट आहेत, दोन्ही २३० ब्रिनेलचे. एक बारीक पर्लाइट आणि फेराइटचा, दुसरा टेम्पर केलेल्या मार्टेन्साइटचा. ब्रिनेलला साधारण ३.४५ ने गुणलं की तुटण्याचा ताण मिळतो, म्हणजे दोघांचाही ७९० एमपीएच्या आसपास. हार्डनेस मशीन दोघांना सारखंच पास करेल. पण शाफ्ट तुटण्याआधी वाकतो. पहिल्यात फेराइटचे मऊ पट्टे आधी सरकतात आणि तो तुटण्याच्या ताणाच्या साधारण ५५ टक्क्यांवर, म्हणजे ४३० च्या आसपास, कायमचा वाकतो. दुसऱ्यात कार्बाइडचे अतिबारीक कण सगळीकडे सारखे पसरलेले असतात आणि मऊ पट्टा असा कुठेच नसतो. तो ७५–८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सहाशेच्या आसपास टिकतो. धक्का सोसण्यातही तो बराच पुढे असतो, कारण भेगेला धावायला सलग वाट मिळत नाही.

ब्रिटिश मानक बीएस ९७० मध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. नॉर्मलाइज केलेल्या ईएन-८ ला किमान यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला सुरुवात होण्याचा ताण, २८० एमपीए धरलंय. क्वेंच आणि टेम्पर केलेल्याला ४६५, पण हा आकडा फक्त १९ मिमीपर्यंतच्या जाडीला. ६३ मिमीपर्यंत तो ३८५ वर येतो. तुमचा ५० मिमी या दुसऱ्या गटात आहे.

मग तेल सोडून पाण्यात बुडवावा का? पृष्ठभाग काही मिमी कडक होईल, गाभा पर्लाइटच राहील. मार्टेन्साइट बनताना पोलाद फुगतं, त्यामुळे वेगवेगळ्या वेळी बदलणारे भाग एकमेकांना ताणतात आणि कीवेच्या, म्हणजे चावीसाठी कोरलेल्या खाचेच्या, कोपऱ्यातून भेग निघते. ती कित्येकदा पाण्यात दिसत नाही, जॉब रात्रभर तसाच पडून राहिला की सकाळी दिसते. म्हणून क्वेंच केलेला जॉब ६०–८० अंशांवर, हाताला चांगला गरम लागत असतानाच, टेम्परिंगच्या भट्टीत जायला हवा. आणि २५० ते ४०० अंशांचा पट्टा टाळा. त्यात हार्डनेस उतरतो, पण चिवटपणा वाढण्याऐवजी घटतो.

तुमच्या जागी दोन-तीन रस्ते आहेत. शाफ्टवर भार बेताचा असेल आणि २८० यील्ड पुरत असेल तर तुमचं म्हणणं बरोबर, नॉर्मलाइज केलेला ईएन-८ वापरा आणि तेलाचा खर्च वाचवा. फक्त बेअरिंगची किंवा सीलची जागा झिजत असेल, तर त्याच बारवर तेवढ्या जागी इंडक्शन हार्डनिंग, म्हणजे विजेच्या कॉइलने फक्त पृष्ठभाग तापवून कडक करणं, करून घ्या. तिथे ५० च्या वर एचआरसी आणि २–३ मिमी खोली आरामात मिळते, नंतर १५०–२०० अंशांचं हलकं टेम्परिंग पुरतं. आणि पूर्ण शाफ्टच ताकदीचा हवा असेल तर पोलाद बदला. ईएन-१९ मध्येही कार्बन ०.४ च्या आसपासच आहे, पण क्रोमियम आणि मॉलिब्डेनम पर्लाइट बनायला उशीर लावतात, म्हणून तेलाचा वेग पुरतो. साधारण ८६० वरून तेलात आणि ६०० च्या आसपास टेम्परिंग केलं, तर ६३ मिमीपर्यंत ६८० यील्डची अपेक्षा ठेवता येते.

काम बाहेर देत असाल तर चलनावर फक्त "हार्डनेस २५ ते ३०" असं लिहू नका. टेम्परिंगआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आकडे मागा. लेखातला तेलाचा परिच्छेद मी जाडीच्या मर्यादेसह दुरुस्त करतोय.