साहेबांना कळू नये, पण कळवल्याची नोंद राहावी

नवख्या अभियंत्याची समजूत अशी असते की, वरिष्ठांना पाठवलेला तांत्रिक मेल हा वरिष्ठांना काही समजावे म्हणून लिहायचा असतो. चार-सहा वर्षे नोकरीत मुरलेल्या माणसाला मात्र पक्के ठाऊक असते की तो मेल आज वाचण्यासाठी नसून पुढे कधीतरी, काही बिघडल्यावर, उघडून दाखवण्यासाठी असतो. अशा मेलमध्ये सत्य सगळे असावे लागते, एक अक्षरही खोटे चालत नाही, आणि तरीही ते सत्य वाचणाऱ्यापर्यंत पोहोचता कामा नये. ही कला वाक्याची लांबी आणि परिभाषेचे प्रमाण या दोनच गोष्टींवर उभी आहे. ती शिकण्यासाठी एकच प्रकरण नीट समजून घेतले तरी पुरेसे आहे.

समजा, तुमच्या कंपनीत प्रत्येक पेमेंटची नोंद MySQL मधील एका टेबलमध्ये होते, प्रत्येक नोंदीला ओळीने क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक साठवण्याचा कॉलम कोणीतरी फार पूर्वी `INT` प्रकारचा ठेवून दिला आहे. या प्रकारात 214 कोटी 74 लाख 83 हजार 647 हा शेवटचा आकडा; त्यापुढचा मावत नाही. आज तुमचा क्रमांक 205 कोटींवर पोहोचला आहे आणि रोज सुमारे 15 लाख नोंदींची भर पडते आहे. उरलेल्या पावणेदहा कोटींना 15 लाखांनी भागले की 65 दिवस येतात. दसरा-दिवाळीच्या विक्रीत रोजच्या नोंदी दुप्पट झाल्या, तर ते त्याहून बरेच कमी होतील. त्यानंतर एकही नवे पेमेंट नोंदवले जाणार नाही. उपाय माहीत आहे: `BIGINT` प्रकारचा नवा कॉलम करायचा, जुने क्रमांक त्यात थोडेथोडे करून भरायचे आणि एका रात्री पेमेंट बंद ठेवून जुन्याच्या जागी नवा कॉलम आणायचा.

आता हे मॅनेजरांना कसे कळवू नये, ते आधी पाहू. «सुमारे 65 दिवसांनी, आणि दिवाळीची विक्री जोरात झाली तर त्याआधीच, आपल्याकडे नवी पेमेंट घेणे पूर्ण बंद पडेल. हे टाळण्याच्या कामाला दोन माणसे आणि तीन आठवडे लागतील, आणि शेवटी एका रात्री चार तास पेमेंट बंद ठेवावी लागतील. ती रात्र कोणती, हे येत्या शुक्रवारपर्यंत ठरवून द्यावे.» असा मेल चुकूनही पाठवू नका. त्यात काय होणार, कधी होणार, किती खर्च येणार आणि कोणी काय ठरवायचे हे सगळे तीन वाक्यांत आले आहे. तो वाचून मॅनेजर खरोखरच एखादी तारीख देतील, आणि मग ते काम तुम्हालाच करावे लागेल.

त्याऐवजी असे लिहा: «पेमेंट्स टेबलच्या प्रायमरी कीचा डेटाटाइप साइन्ड इंट असल्याने व ऑटो-इन्क्रिमेंटचे सध्याचे मूल्य कमाल मर्यादेच्या सुमारे 95 टक्के असल्याने, बिगइंट मायग्रेशनच्या अनुषंगाने शॅडो कॉलम, बॅच बॅकफिल व कटओव्हर या टप्प्यांचे मूल्यमापन सुरू असून, रेप्लिकेशन लॅग स्वीकारार्ह मर्यादेत राहिल्यास योग्य त्या डाउनटाइम विंडोमध्ये पुढील कार्यवाही करणे इष्ट ठरेल.» या वाक्यात काहीही खोटे नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, ही आपल्या भाषेने तुम्हाला दिलेली मोठीच सवलत आहे. वाचणारा सगळ्या अटी आणि सगळी कारणे डोक्यावर घेऊन शेवटपर्यंत चालत जातो, आणि तिथे त्याला 'इष्ट ठरेल' एवढेच भेटते. कोणी करायचे, केव्हा करायचे आणि न केल्यास काय होईल, हे विचारायला त्याच्यात तोवर त्राण उरलेले नसते.

95 टक्क्यांचे कामही बारकाईने पाहण्यासारखे आहे. आकडा अचूक आहे. पण शाळेपासून ज्यांनी 95 टक्के म्हटले की पेढे वाटलेले पाहिले आहेत, त्यांच्या मनात तो आकडा धोक्याची घंटा वाजवत नाही. '65 दिवस' म्हटले असते तर मॅनेजरांनी लगेच कॅलेंडर उघडले असते. म्हणून शिल्लक राहिलेल्या गोष्टीचे माप नेहमी तुमच्या यंत्राच्या एककात द्यावे, वाचणाऱ्याच्या एककात कधीही देऊ नये.

परिभाषेच्या बाबतीत काही जण हात आखडता घेतात आणि फसतात. एकच अनोळखी शब्द असला तर मॅनेजर फोन करून त्याचा अर्थ विचारतात. पाच असले तर विचारत नाहीत, कारण मीटिंगमध्ये कनिष्ठांसमोर पाच वेळा 'म्हणजे काय?' म्हणणे कोणालाच परवडत नाही. शिवाय मध्येच 'डाउनटाइम'सारखा त्यांच्या ओळखीचा एखादा शब्द पेरावा, म्हणजे आपल्याला विषय समजला असे समाधान त्यांना मिळते. आणि कोणी फारच आग्रह धरला, तर प्रत्येक शब्दाची व्याख्या देणारे परिशिष्ट जोडावे. साइन्ड इंट किती बाइटचा असतो, ऋण आकड्यांसाठी त्यातली निम्मी जागा कशी जाते, हे सगळे प्रामाणिकपणे समजावून सांगावे. मॅनेजर ते वाचून शहाणे होतील, मात्र पेमेंट बंद पडणार आहे हे त्यांना त्यातून कळणार नाही. शब्दाचा अर्थ सांगितला की परिणाम सांगायची गरज उरत नाही, हा समज जितका रुजवता येईल तितका रुजवावा.

एवढ्यात कंपनी तुम्हाला 'सोपे लिहा' नावाच्या प्रशिक्षणाला पाठवेल. घाबरू नका, कारण तिथे बहुधा वाक्ये तोडायलाच शिकवतात. रुडॉल्फ फ्लेश यांचे 1948 मधले इंग्रजीसाठीचे वाचनसुलभतेचे सूत्र एका वाक्यात सरासरी किती शब्द आणि एका शब्दात सरासरी किती अक्षरोच्चार एवढेच मोजते. 'कारण', 'जर', 'तोपर्यंत' हे शब्द शिल्लक राहिले की गळून पडले, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तेव्हा तुमचे ते लांबलचक वाक्य असे तोडा: «मर्यादेचा 95 टक्के वापर झाला आहे. मायग्रेशनचे मूल्यमापन सुरू आहे. सेवा सध्या सुरळीत आहे.» प्रत्येक वाक्य आखूड आहे, खरे आहे आणि शाळकरी मुलालाही वाचता येईल. वाक्यांना एकमेकांशी बांधणारा दोरा तेवढा कापला गेला आहे, आणि धोका नेमका त्या दोऱ्यातच होता. लांब वाक्यात जे अडगळीखाली दडपले होते, ते आखूड वाक्यांत राहिलेच नाही. प्रशिक्षक मात्र तुमचे कौतुक करतील.

हे प्रकार आपल्याकडच्या ऑफिसांतच चालतात असा गैरसमज नको. कोलंबिया अंतराळयान 16 जानेवारी 2003 रोजी निघाले, तेव्हा उड्डाणानंतर सुमारे 82 सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरील फोमचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच अभियंत्यांनी या धडकेचा अभ्यास केला आणि तो सादर करताना एक स्लाइड दाखवली. तिच्यावर लांब वाक्ये नव्हती. मुद्दे, त्याखाली उपमुद्दे, त्याखाली आणखी बारीक अक्षरांतले मुद्दे होते. मथळा दिलासा देणारा होता: चाचण्यांची माहिती पाहता अंदाज सावधपणाच्या बाजूचा आहे, अशा अर्थाचा. 'लक्षणीय' या अर्थाचा शब्द स्लाइडवर पाच वेळा आला होता, पण लक्षणीय म्हणजे किती, हे त्या शब्दापाशी कुठेच नव्हते. आणि सर्वांत खाली, शेवटच्या उपमुद्द्यात, आदळलेला तुकडा 1920 घन इंचांचा गृहीत धरला आहे आणि चाचणीतला 3 घन इंचांचा होता, असे लिहिलेले होते. म्हणजे गृहीत धरलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या 640 पट होता, आणि त्या चाचण्यांवरून या धडकेबद्दल जवळजवळ काहीच सांगता येत नव्हते. ती ओळ खरे तर मथळा व्हायला हवी होती.

1 फेब्रुवारीला परतताना यान तुटले आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. चौकशी मंडळाने 2003 च्या अहवालात ही स्लाइड छापली आणि एखाद्या वरिष्ठ व्यवस्थापकाला ती वाचून हा जिवावरचा प्रसंग आहे हे उमगणार नाही, हे सहज समजण्यासारखे आहे, असा अभिप्राय नोंदवला. सगळे खापर स्लाइडवर फोडणे अन्यायाचे होईल. पंखाची छायाचित्रे मिळवण्याच्या अभियंत्यांच्या विनंत्याही वरच्या पातळीवर पुढे सरकल्या नव्हत्या. पण 640 पटींची गोष्ट कोणीही लपवली नव्हती. ती लिहिलेलीच होती.

तर आपल्या मेलकडे येऊ. तो पाठवल्यावर 'नोटेड, थँक्स' असे उत्तर आले, की समजावे काम फत्ते झाले. 'कीप मॉनिटरिंग' हे त्याहूनही उत्तम, कारण त्यात मॅनेजरांनी तुम्हाला काहीही न करण्याची लेखी परवानगी दिलेली असते. चिंता करावी ती 'किती दिवस आहेत?' किंवा 'जुन्या नोंदी काढून टाकल्या तर चालेल का?' असे उलट प्रश्न आल्यास. असा प्रश्न विचारणाऱ्याला विषय कळू लागलेला असतो. जुन्या नोंदी काढून काहीच फायदा नाही, कारण खालचे रिकामे झालेले क्रमांक आपोआप पुन्हा वापरले जात नाहीत, हे एका वाक्यात सांगता येते. ते सांगू नये. 'बघावे लागेल, बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे' असे म्हणावे. आणि 'तुम्हाला काय समजले ते जरा सांगाल का?' असे तर चुकूनही विचारू नये, नाहीतर मेल पोचला की नाही ते तिथल्या तिथे उघड होईल.

मग ऐन विक्रीच्या दिवशी लॉगमध्ये ही ओळ दिसू लागेल:

```
ERROR 1062 (23000): Duplicate entry '2147483647' for key 'payments.PRIMARY'
```

ती जशीच्या तशी मॅनेजरांना पाठवून द्यावी. एकच क्रमांक दोनदा आल्याची तक्रार त्यात आहे, मर्यादा संपल्याचा उल्लेखही नाही. त्यामुळे पहिला अर्धा तास सगळेजण ग्राहकांनी बटण दोनदा दाबले का, हे शोधत राहतील. नंतरच्या चौकशीत तुम्ही शांतपणे तो जुना मेल उघडून 'कमाल मर्यादेच्या सुमारे 95 टक्के' या शब्दांवर बोट ठेवावे. घटनेचा अहवाल लिहिण्याचे काम अर्थातच तुमच्याकडे येईल, आणि त्यात सुधारणेच्या रकान्यात लिहायचे असते: «तांत्रिक चमू व व्यवस्थापन यांच्यातील संवाद अधिक परिणामकारक करणे. जबाबदारी: सर्व संबंधित. मुदत: निरंतर.»