'चिडलायस का?' हे मेसेजमध्ये विचारू नका

लांब राहणाऱ्या जोडप्यांना एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन. समोरासमोर खुशाल विचारा, फोनवरही चालेल, पण 'चिडलायस का?' हे टाइप करून विचारू नका. समोरचा चिडलेला नसेल तर या प्रश्नाने चिडतो, आणि चिडलेला असेल तर 'नाही' असं लिहितो. त्यात तुम्ही पुण्यात आणि तो सिअॅटलला असेल तर हे बिनकामाचं उत्तरही झोपून उठल्यावर वाचायला मिळतं.

आमच्याकडचाच किस्सा सांगते, नवऱ्याच्या परवानगीने. (त्याची अट एवढीच की 'तो झोपला होता' हे लिहायचं.) तो कामासाठी सिअॅटलला, मी आणि सासूबाई पुण्यात. बोलायची वेळ ठरलेली: माझे रात्रीचे साडेआठ म्हणजे त्याचे सकाळचे आठ. पण हे साडेबारा तासांचं गणित वर्षभर टिकत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि अंतर साडेतेरा तासांचं होतं. आपल्याकडे घड्याळाला कोणी हात लावत नाही, त्यामुळे इथल्या माणसाच्या हे लक्षातही येत नाही. आणि तिकडच्याच्या फोनमध्ये वेळ आपोआप बदलते, म्हणून त्याच्याही येत नाही.

त्या सोमवारी मी साडेआठपासून त्याच्या फोनची वाट बघत होते. तिकडे सात वाजले होते, तो झोपला होता. त्याने त्याच्या आठला, म्हणजे माझ्या साडेनऊला, फोन केला तेव्हा मी सासूबाईंच्या डोळ्यात थेंब घालत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि फोन आतल्या खोलीत. दोघंही आपापल्या हिशेबाने अगदी वेळेवर, आणि दोघांनाही वाटलं की समोरच्याने आज टाळलं.

रात्री अकराला मी त्याच्या डिसेंबरच्या तिकिटाबद्दल लिहिलं, 'बघ, तुला जमेल तसं.' अर्थ सरळ होता: तारीख तू ठरव, मी कॉलेजची रजा त्याप्रमाणे टाकते. आता गंमत अशी की व्हॉट्सअॅप वेळ दाखवतं ती वाचणाऱ्याच्या फोनप्रमाणे. त्याच्याकडे माझ्या मेसेजखाली सकाळचे साडेनऊ होते. पुण्यात रात्र आहे हे त्याला माहीत नव्हतं थोडंच! पण माहीत असणं वेगळं आणि वाचताना ते मनात येणं वेगळं. माझी अकराची पेंग त्या साडेनऊमध्ये कुठेच दिसत नव्हती. त्याला दिसला तो टोमणा. ऑफिसच्या लिफ्टमधून त्याने लिहिलं, 'ठीक आहे. तू ठरव.' ते मी सकाळी सहाला, चहा ठेवता ठेवता वाचलं, आणि माझा दिवस तिथेच नासला.

तुमचं अक्षर न् अक्षर स्पष्ट असलं तरी असं होतं. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पोचवायला सांगितली, कधी ईमेलने तर कधी बोलून. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला साधारण 78 टक्के वेळा आपला सूर बरोबर कळेल. ईमेलवर तो कळला 56 टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून ठरवलं असतं तर जेमतेम एवढंच. बोलून सांगितलं तेव्हा 73. कारण त्यांनी असं दिलं की लिहिताना आपल्याला आपलाच आवाज मनात ऐकू येत असतो, आणि तो समोरच्यालाही ऐकू येईल असं आपण धरून चालतो. याच अभ्यासात आपलंच वाक्य उलट्या सुरात मोठ्याने वाचायला लावल्यावर लोकांचा हा फाजील आत्मविश्वास उतरला. मी हे 'बघ, तुला जमेल तसं'वर करून पाहिलं. नाक मुरडून म्हटलं तर काय खवट वाटतं ते! मलाच राग आला असता.

मग उपाय काय? व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज दुरुस्त करायची सोय आहे, पण फक्त 15 मिनिटं, आणि आमच्यात सात तास उलटून गेले होते. डिलीट केलं तरी 'डिलीट केलंय' ही खूण मागे राहते आणि समोरचा आणखी तर्क लढवतो. सगळ्यात वाईट म्हणजे मागचे मेसेज शोधून 'हे बघ, तेव्हाही तू असंच लिहिलं होतंस' करत स्क्रीनशॉट पाठवणं. तिथून पुढे कोर्टच भरतं.

मी व्हॉइस नोट पाठवली, मिनिटभराचीही नाही. पण आधी अर्धा तास थांबले आणि त्याच्याकडे किती वाजलेत ते पाहिलं: संध्याकाळचे पाच, निघायची वेळ. मग म्हटलं, "अरे, काल तिकिटाचं लिहिलं ते झोपेत लिहिलं. तारीख तू ठरव, मी रजा जुळवते, एवढंच म्हणायचं होतं. तुझं 'तू ठरव' मला तुटक वाटलं. कामात होतास म्हणून तसं, की माझं काही लागलं? आत्ता उत्तर नको, गाडीत बसलास की फोन कर."

यात मुद्दाम तीन गोष्टी केल्या. आधी माझा अर्थ सांगून टाकला, त्याने तो ओळखावा अशी परीक्षा घेतली नाही. मग त्याच्याबद्दल न बोलता त्याच्या वाक्याबद्दल बोलले: 'तू तुटक वागलास' नाही, 'मला तुटक वाटलं'. आणि दोन शक्यता समोर ठेवल्या, दोन्ही कबूल करता येतील अशा. 'चिडलायस का?'ला माणूस 'नाही' म्हणून मोकळा होतो. इथे त्याला एक तरी निवडावी लागते.

त्याचा फोन आला त्याच्याकडच्या साडेसहाला. "लिफ्टमध्ये होतो गं," हे तर आलंच. पण थोडं थांबून म्हणाला, "आणि लागलंही होतं. माझा फोन उचलला नाहीस."

म्हणजे सगळाच काही सुराचा घोळ नव्हता. हे लिहायचं कारण असं की 'गैरसमज झाला' म्हणून विषय मिटवणारी जोडपी मी पाहिली आहेत. सूर नीट कळल्यावर पोटातली गाठ सुटली, तर तो खरंच सुराचा प्रश्न होता. सूर कळूनही काहीतरी खुपत राहिलं, तर तक्रार खरी आहे, फक्त चुकीच्या मेसेजवर निघाली आहे. आमची खरी तक्रार हुकलेल्या फोनची होती, आणि ती बोलायला लागल्यावर दोनच मिनिटांत तो एक तासाचा फरक सापडला.

आता आमचा फोन दोघांच्या कॅलेंडरमध्ये भारताच्या वेळेने लावलेला आहे. त्यामुळे थंडीत त्याला सातला उठावं लागतं आणि त्याचं म्हणणं आहे की हा अन्याय आहे. त्याने सुचवलंय की मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे जाईपर्यंत मी साडेनऊला बोलावं. साडेनऊला थेंबांची वेळ असते, हे मी त्याला फोनवर सांगितलंय. लिहून नाही.