रातांब्याचा रंग गालावर लावा

"सावळ्या मुलींनी ब्लश कायम बेबी पिंकच घ्यावा, चेहरा उजळतो. रंग जास्त वाटला तर त्यात चिमूटभर टाल्कम पावडर मिसळावी. हायलायटर चंदेरी, मोत्यासारखा हवा. लाल-जांभळे रंग लावले की चेहरा आणखी काळा दिसतो."

हा मेसेज फिरत फिरत वेंगुर्ल्यात माझ्या भाचीकडे पोचला. साखरपुडा चार दिवसांवर होता. "मावशे, ह्या खरा काय गो?" असं तिने विचारलंही, पण मी एका लग्नाच्या मेकअपमध्ये अडकले होते. संध्याकाळी बघते तर तिने तसं करून फोटोच पाठवलेला. छान गडद तपकिरी, तुकतुकीत कांतीची पोर, आणि गालांवर राख फासल्यासारखी दिसत होती.

पहिल्यांदा त्या टाल्कमबद्दल बोलते, कारण सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला. बेबी पिंक हा काही 'हलका' रंग नसतो. लाल रंगात भरपूर पांढरा घालून तो बनवतात आणि तो पांढरा बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइड असतो. गोऱ्या गालावर हा पांढरा त्वचेत खपून जातो, वर गुलाबी छटा तेवढी दिसते. गडद गालावर उलटं होतं. छटा त्वचेत हरवते आणि पांढरा तेवढा वर तरंगतो. जांभ्याच्या भिंतीला पातळ चुन्याचा एकच हात दिल्यावर ती कशी कळकट दिसते, तसं. आता त्यात टाल्कम घाला. उरलासुरला रंग आणखी पातळ होणार, गालाचं स्वतःचं तेज टाल्कम शोषून घेणार, आणि आपल्या दमट हवेत घाम आला की हसताना पडणाऱ्या रेषांत पांढरे थर साचणार. याला उजळणं म्हणायचं?

घेताना खोका उलटा करून बघा. सीआय ७७८९१ हा क्रमांक म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. पण तो दिसला म्हणून लगेच डबी ठेवून देऊ नका. रंगद्रव्यं यादीच्या शेवटी एकत्र, कुठल्याही क्रमाने छापलेली असतात, त्यामुळे प्रमाण त्यातून कळत नाही. खरी परीक्षा बोटाने होते. थोडा रंग जबड्याच्या कडेला लावा (मनगटाच्या आत नको, तिथली त्वचा फिकट असते), जवळजवळ पुसला जाईपर्यंत चोळा आणि दुकानाबाहेर सावलीत जाऊन आरशात बघा. मागे उरलेला डाग लालसर असेल तर घ्या. राखाडी किंवा दुधट असेल तर डबी कितीही सुंदर असो, परत द्या.

गडद रंगाने चेहरा काळा दिसतो, हे तर साफ चूक. गालावर रक्त चढल्याचा भास व्हावा म्हणून ब्लश लावतात, आणि गडद तपकिरी त्वचेखालून ती लाली फिकट गुलाबी दिसतच नाही, ती खोल, वाइनसारखी दिसते. म्हणून पिकलेल्या रातांब्याचा रंग, ओल्या जांभ्याचा विटकरी, जळका नारिंगी, असे रंग डबीत भडक वाटले तरी गालावर आपले वाटतात. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. हात जड पडला तर हे रंग ठिगळासारखे दिसतात, विशेषतः घामेजलेल्या गालावर पावडर ब्लश टेकवला तर. तो पहिल्या स्पर्शालाच चिकटतो, मग पसरत नाही. पण हा दोष हाताचा आहे, त्यासाठी रंगाला नावं ठेवू नका.

हायलायटरचं थोडक्यात सांगते. त्यात अभ्रकाचा चुरा असतो. त्यावर टायटॅनियमचा लेप असला की बहुधा चंदेरी-मोतिया झळाळी येते, लोहाच्या ऑक्साइडचा असला की सोनेरी, तांबूस किंवा ब्रॉन्झ. जांभ्याला लाल करतं तेही लोहाचंच ऑक्साइड. लावून मान वळवा. उजेड पडल्यावर सगळेच चमकतात, उजेड सरकल्यावर मागे पांढरा पट्टा उरला तर तो हायलायटर तुमचा नाही.

साखरपुड्याला भाचीला क्रीम ब्लश लावला, रातांब्याच्याच रंगाचा. चेहरा टिपून कोरडा केला, प्रत्येक गालावर दोन ठिपके ठेवले आणि बोटाने थोपटत कानाकडे नेले. रंग टिकावा म्हणून वर त्याच कुळातला पावडर ब्लश, ब्रश झटकून, एकदाच फिरवला. गालाच्या हाडावर तांबूस हायलायटर अनामिकेने टेकवला, नाकाजवळ आणला नाही. मग तिला खळ्यात उभं करून एक फोटो फ्लॅशशिवाय काढला, एक फ्लॅशने. गाल दोन्हींत छान आले, पण फ्लॅशमध्ये कपाळ पांढरं पडलं. ते झिंक ऑक्साइडवाल्या सनस्क्रीनमुळे होतं. समारंभ संध्याकाळी घरातच होता, म्हणून ते पुसून कपाळ नुसतं मॉइश्चरायझरवर ठेवलं.